पाण्याचे कान

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. हैदराबादला कोठीच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यात किती खडू मोडले आणि किती पोरांना वर्गाबाहेर काढलं याचा हिशेब देवाकडे असेल. पण सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पेपर तपासायच्या कॅंपात मी जो आवाज चढवला, तो माझ्यासाठी नव्हता. अकरा पोरांचं वर्ष बुडायला निघालं होतं, आणि तेसुद्धा त्यांनी चित्र बरोबर काढलं म्हणून. सांगा आता.

आधी कॅंप म्हणजे काय ते सांगते. आंध्रात इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाली की जिल्ह्याजिल्ह्यांतून उत्तरपत्रिका येतात, त्यांच्यावरचे नंबर कापून कोड घालतात, आणि आम्ही लेक्चरर मंडळी एका मोठ्या हॉलमध्ये बसून एप्रिलच्या उकाड्यात त्या तपासतो. तेलुगू माध्यमाची टेबलं वेगळी, इंग्रजीची वेगळी, उर्दूची वेगळी. आणि कोपऱ्यात, पाण्याच्या ड्रमजवळ, मराठीचं एक टेबल. त्या टेबलावर मी एकटी.

पूर्वी आम्ही चौघं असायचो. जुन्या निजामी मुलखात मराठी शाळा होत्या, मराठीतून सायन्स शिकणारी पोरं होती, त्यांचे गठ्ठे उचलताना शिपाई कुरकुरायचा. मग एकेक जण रिटायर झाला, पोरं इंग्रजीकडे गेली, आमच्या कॉलेजातला मराठी वर्गही बंद पडला. आता मी इंग्रजीतून शिकवत होते, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते. पोरं पहाटे कोचिंगला जायची, आणि माझ्या तासाला झोपायची. त्यांच्याकडे कोचिंगवाल्यांची गुळगुळीत छापील पानं असायची, त्यात पाण्याचा रेणू म्हणजे एक V आणि वर दोन-दोन ठिपके. ठिपके कशासाठी, विचारलं तर म्हणायची, मॅडम, एक मार्काचं आहे.

शेजारच्या टेबलांवर दुपारी डबे उघडायचे, गोंगुऱ्याची चटणी इकडून तिकडे फिरायची. मलाही बोलवायचे, नाही असं नाही. पण त्यांचं हसणं तेलुगूत चालायचं आणि मला तेलुगू बाजारापुरतं येतं. भेंडी घेता येते, विनोद कळत नाही. मी आपली पोळी-भाजी माझ्या टेबलावरच खायची. घरी तरी काय वेगळं होतं? सुलतान बाजारात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली कापडाचं दुकान. भाऊ नरहर पुण्याला गेला, त्याचा मुलगा अजय अमेरिकेला. एकटीसाठी आमटी करायला घेतली की ती दोन दिवस संपत नाही. एकटेपणाची मला सवय झाली होती असं मी लोकांना सांगायचे. खोटं होतं ते. सवय बिवय काही होत नाही.

त्या वर्षी मराठीतून केमिस्ट्रीचे पेपर आले अकरा. सगळा गठ्ठा मिळून अकरा. कोड घालायचं सोंग तेवढं झालं होतं, पण मराठीतून सायन्स चालणारं एकच कॉलेज उरलंय, आदिलाबादकडे सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावात, हे ड्रममध्ये पाणी भरणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. मी गठ्ठ्याची दोरी सोडली, पहिला पेपर घेतला, आणि चौथ्या प्रश्नाशी येऊन थांबले.

प्रश्न नेहमीचा होता. मिथेन, अमोनिया आणि पाणी, तिन्हींच्या मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या चारच जोड्या, मग बंधांमधले कोन वेगळे का? आकृत्या काढून सांगा. पोरानं मिथेन काढला होता, चारी हात सारखे ताणलेले, कोन १०९ अंश २८ मिनिटं. मग अमोनिया, आणि नायट्रोजनच्या डोक्यावर एक भलामोठा फुगीर कान. मग पाणी, आणि ऑक्सिजनला दोन मोठे कान, सशाला असतात तसे. खाली लिहिलं होतं: "एकाकी जोडीला एकच घर, म्हणून ती पसरून बसते. बंधातल्या जोडीला दोन घरं ओढतात, म्हणून ती बारीक होते. पसरलेली जोडी बारीक जोड्यांना दाबते."

मी चष्मा काढून पुसला. अगं बाई, हे तर माझं वाक्य.

माझं म्हणजे माझंच. कुठल्याही पुस्तकात नाही. मराठी वर्ग चालू होता तेव्हा मी फळ्याशी उभी राहून ओरडायचे, "आधी कान काढा, मग हात!" कान म्हणजे बंधात न गुंतलेल्या जोड्या, हात म्हणजे हायड्रोजनशी जोडणारे बंध. पोरं नेहमी हात आधी काढतात, कारण हात दिसतात. मग राहिलेल्या जागेत कान चिकटवतात, बारीकसे, लाजेकाजेस्तव. तसं काढलं की कोन का कमी होतो ते कधीच कळत नाही. खरी गोष्ट उलटी आहे. ती जोडी एकाच अणूच्या ताब्यात, दुसरीकडून तिला ओढायला कुणी नाही, म्हणून ती ऐसपैस जागा व्यापते आणि हातांना जवळ ढकलते. अमोनियात एक कान, म्हणून कोन १०७. पाण्यात दोन कान, ते एकमेकांनाही ढकलतात आणि हातांनाही, म्हणून एकशे साडेचार. रेणूच्या आकाराला नाव देताना कान मोजत नाहीत, पाण्याला नुसतं 'वाकडं' म्हणतात. पण वाकडं केलं कुणी? कानांनी.

दुसरा पेपर घेतला. कान. तिसरा, कान. वाक्य तेच. अकराच्या अकरा पेपरांत तेच वाक्य, थोडं इकडे-तिकडे. मला एकदम त्रिवेणी आठवली. माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, सुट्टीत माझ्याच घरी येऊन अभ्यास करायची, माझ्या हातची वरणफळं खायची. बीएस्सी झाली, आदिलाबादकडे लग्न होऊन गेली, आणि नंतर एक ओळ नाही की निरोप नाही. मी मनात म्हटलं, लबाड, तू तिथे शिकवतेस होय! मला इतका आनंद झाला की मी ड्रममधलं कोमट पाणी ग्लासभर प्यायले.

आनंद टिकला दुपारपर्यंत. आमचे चीफ प्रतापराव, वारंगळकडचे, शांत माणूस, तपासलेल्या गठ्ठ्यांतले काही पेपर स्वतः पुन्हा बघायचे. मराठी त्यांना येत नव्हतं, पण अक्षरं हिंदीचीच, त्यामुळे वाचता यायचं. माझ्या गठ्ठ्यातले चार-पाच पेपर त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि भुवया वर केल्या.

"मॅडम, ये कानां कायके?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण बोट वाक्याखाली फिरत होतं. एका पेपरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मग अगदी हळू आवाजात ते हिंदीत बोलले ते असं, की हे वाक्य पाठ्यपुस्तकात नाही, कुठल्याही गाइडमध्ये मी पाहिलेलं नाही, आणि एकाच सेंटरच्या सगळ्या पोरांनी तेच लिहिलंय, तसलंच चित्र काढलंय. म्हणजे परीक्षा चालू असताना कुणीतरी फळ्यावर लिहून दिलं. सामूहिक कॉपी. गठ्ठा बाजूला काढावा लागेल, निकाल रोखला जाईल.

निकाल रोखला म्हणजे वर्ष गेलं. त्या गावातली पोरं, त्यातल्या पोरींचं तर शिक्षणच संपलं असतं. एकदा कॉपीचा शिक्का बसला की कुठला बाप पुन्हा फी भरतो? आणि बोर्डाला मराठी विभाग बंद करायला निमित्तच हवं असणार, असं मला वाटलं. माझ्या डोक्यात सणक गेली. हॉलमधली सगळी डोकी वळतील इतक्या मोठ्यानं मी म्हणाले की पोरांनी नीट शिकून लिहिलं की ती कॉपी, आणि छापील पान घोकून लिहिलं की ती हुशारी, हा कुठला न्याय? प्रतापराव लालसर झाले. आवाज खाली करा, म्हणाले, पुरावा असेल तर दाखवा.

आता पुरावा कुठून आणायचा? शब्द तर सारखे होतेच. मी खाली बसले, पाणी प्यायले, आणि पुन्हा एकेका चित्राकडे बघत राहिले. बघता बघता लक्षात आलं. कागदावर खोडरबराचे डाग होते.

मी कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि प्रतापरावांना म्हटलं, या पोराचं पाण्याचं चित्र जरा उतरवून काढा. ते हसले, पण काढलं. आधी O लिहिला. मग दोन रेघा मारून दोन H. मग वर राहिलेल्या जागेत दोन कान. छान जमलं. फक्त कान बारके झाले, आणि हात चांगले फाकलेले.

"तुम्ही हात आधी काढलेत," मी म्हटलं. "उतरवून काढणारा प्रत्येक जण हात आधी काढतो. आता या पोरांचं बघा."

मी एकेक पेपर उजेडात धरला. कान बहुतेकांचे एका दमात काढलेले, कुठे खोडलेले नाहीत. खोडलेलं होतं ते हातांपाशी. पोरांनी कान काढले, मग हात जरा फाकून काढले, मग पाहिलं की कान मोठे आहेत, एवढी जागा उरत नाही, आणि हात खोडून आत घेतले. कागदावर जुन्या रेघेचा फिका माग दिसत होता, आत सरकलेला. प्रत्येकाचा वेगळा. कुणी कान वर काढले होते, कुणी खाली, एका पोरीनं आडवे. कुणी एकशे साडेचार लिहिलं, कुणी १०४ अंश ३१ मिनिटं. फळ्यावरून उतरवलं असतं तर सगळ्यांचे कान एकाच दिशेला झाले असते. चित्र उतरवता येतं, पण कुठली रेघ आधी मारली ते उतरवता येत नाही. ते कुणीतरी वर्षभर डोक्यावर बसून शिकवलेलं असावं लागतं.

प्रतापरावांनी स्वतः सगळे पेपर उजेडात धरले. एक पेपर त्यांनी बाजूला केला. त्यात पाणी सरळ रेघेत काढलं होतं, H–O–H, शाळेची पट्टी ठेवून, आणि वर दोन चिमुकले कान, दोन्ही एकाच बाजूला, हातांच्या नंतर चिकटवलेले. शेजारी मात्र एकशे साडेचार लिहिलेलं.

तो बरोबर नाही, मी म्हटलं. त्यानं शेजाऱ्याचं पाहिलं असेल, किंवा त्या दिवशी तो वर्गात नसेल. आकृतीला शून्य द्या. पण दहांना त्याच्याबरोबर बुडवू नका.

माणूस खरंच सरळ होता. त्यानं मान्य केलं. गठ्ठा बाजूला काढणार नाही, म्हणाले, तुमचं म्हणणं मी शेऱ्यात लिहितो. आणि मग पेन उघडता उघडता त्यांनी तो एक प्रश्न विचारला, जो विचारायलाच हवा होता.

"पण आधी कान काढायला शिकवतात, हे तुम्हाला कसं माहीत?"

गप्प बसले असते तरी चाललं असतं. असाच अंदाज, म्हटलं असतं. पण मग शेऱ्याला वजन काय राहिलं असतं? वरचा कुणी विचारेल, मराठीची बाई म्हणते म्हणून ऐकायचं का? आणि खरं सांगू, मला ते सांगायचंच होतं. किती वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं की हे माझं आहे.

"कारण ते मी शिकवलंय," मी म्हटलं. "तिथली शिक्षिका माझी विद्यार्थिनी आहे. नाव त्रिवेणी."

प्रतापरावांनी पेन पुन्हा बंद केलं. कॅंपात पहिल्या दिवशी आमच्याकडून सही घेतात, की ज्यांचे पेपर तपासतो त्या कॉलेजशी आपला काही संबंध नाही. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. ते म्हणाले, आता हे पेपर तुम्ही तपासले असं मला दाखवता येणार नाही. आणि मराठी वाचणारं दुसरं कुणी कॅंपात नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. मी पेपर वाचून हिंदीत सांगायचं, मार्क त्यांनी द्यायचे, सही त्यांची. माझं कॅंपातलं काम तिथे संपलं असं लिहायचं. मी कबूल झाले.

त्या दुपारी मी अकरा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. घसा बसला. पोरांचं मराठी त्यांच्या गावचं होतं, मधेच तेलुगू शब्द, मधेच दखनी, पण रसायन पक्कं. प्रतापराव ऐकत होते, मार्क मांडत होते. माझ्या टेबलासमोर त्या कॅंपात इतका वेळ दुसरं माणूस कधी बसलं नव्हतं. संध्याकाळी मी पर्स उचलली आणि निघाले. पुढच्या वर्षी मी रिटायर होणार होते, म्हणजे पुन्हा बोलावणं नव्हतंच. कोठीच्या चौकात उभी राहून मी रडले. गर्दी इतकी होती की कुणाचं लक्ष गेलं नाही.

निकाल लागला तसा प्रतापरावांनी निरोप पाठवला, सगळे पास, तो एक सोडून. मी लगेच ठरवलं, त्रिवेणीकडे जायचं. आता निकाल लागला, आता कुठली गुप्तता! तिच्यासाठी बेगम बाजारातून चांगला मसाला घेतला, इमलीबनच्या स्टँडवर बस पकडली. रस्ताभर मनात तिला रागावत होते. इतकी वर्षं एक ओळ नाही? आणि रागावून झालं की काय बोलायचं तेही ठरवत होते.

कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या. केमिस्ट्री शिकवणारे कोण, विचारलं तर एक तरुण मुलगा हात झटकत बाहेर आला. ओमकार नाव. खडूनं पांढरे झालेले हात, पायात रबरी चपला. त्रिवेणी म्हणून कुणी आहे का, मी विचारलं. नाही, म्हणाला. पूर्वी होत्या का? तो विचारात पडला. आठवत नाही, इथे तर केमिस्ट्रीला मीच आहे तीन वर्षं, त्याआधी जागाच रिकामी होती.

त्यानं खुर्ची आणून दिली. फळ्यावर अमोनियाचं चित्र अर्धवट होतं, कान काढून झालेला, हात काढायचे बाकी. मी विचारलं, हे कुठे शिकलास? तो एकदम खुलला. नांदेडला, म्हणाला, आमच्या राणी मॅडमकडे. मग उत्साहानं मलाच समजावायला लागला की मॅडम, लोक हात आधी काढतात, पण तसं करायचं नसतं. मी ऐकून घेतलं. तो चांगलं शिकवत होता. माझ्यापेक्षा गोड बोलत होता.

राणी मॅडमना कुणी शिकवलं, मी विचारलं. त्या नेहमी सांगतात, तो म्हणाला, हैदराबादला कोठीत त्यांच्या एक बाई होत्या, फार तापट, खडू फेकून मारायच्या. त्यांचं हे.

"ती मीच," मी म्हटलं.

ओमकार जागचा उठला आणि माझ्या पाया पडला. मग त्याला काय करू नि काय नको असं झालं. तुम्हाला मॅडमशी बोलायलाच पाहिजे, म्हणाला. कॉलेजसमोर एसटीडीचं बूथ होतं, पिवळी पाटी लावलेलं. मला हाताला धरून तिकडे नेलं आणि नांदेडचा नंबर फिरवायला लागला. मी काचेच्या त्या खोक्यात उभी राहून आठवत होते. राणी. कुठली राणी? वर्गाच्या रांगा डोळ्यांसमोर आणल्या. त्रिवेणी दिसत होती, मनीषा दिसत होती, लीलया गणितं सोडवणारी ती पद्मावती दिसत होती. राणी दिसत नव्हती. चेहरा नाही, आवाज नाही, आडनाव नाही. माझ्या पोरींनी मला विसरावं याचा मी इतकी वर्षं राग धरला होता, आणि जिनं लक्षात ठेवलं तिचं मला नावसुद्धा ओळखीचं वाटत नव्हतं.

ओमकारनं हसत हसत रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"बाई?" पलीकडून आवाज आला. "बाई, मी राणी. ओळखलंत ना मला?"

"ओळखलं की गं," मी म्हटलं.

ती रडायला लागली. रडता रडता बोलत होती. तिनं मराठीतून शिकवायचं सोडलं नाही, दरवर्षी पहिल्या दिवशी पोरांना माझ्याबद्दल सांगते, दोनदा हैदराबादला येऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत गेली होती, पण आत यायचा धीर झाला नाही. बाई रागावतील, कोण तू म्हणतील, असं वाटलं. मी हं, हं म्हणत होते.

"मी कुठे बसायचे, आठवतंय ना बाई?"

बाहेरून काचेतून ओमकार माझ्याकडे बघत होता, सणाच्या दिवशी बघतात तसा.

"आठवतंय की," मी म्हटलं. "खिडकीपाशी."

"खिडकीपाशी त्रिवेणी बसायची, बाई," ती हळूच म्हणाली. "मी दाराजवळ. शेवटच्या बाकावर." मग माझी समजूत काढावी तशी पुढे म्हणाली, "असू दे. मला तिथूनही सगळं ऐकू यायचं."